विश्लेषण : पसंत केली एक, आली दुसरीच! टाइल्सच्या दुकानदाराला तक्रारीचे पत्र कसे लिहावे?

दुकानात पसंत केलेली बाथरूमची टाइल फिकट दुधी असते. घरी टेम्पोतून उतरलेल्या काही बॉक्समधली मात्र गुलाबी छटेची निघते आणि शेजारी ठेवली की दोन मिलिमीटरने लहानही दिसते. दुकानदाराला फोन केला की 'एवढा फरक चालतोच', 'भिंतीवर लागल्यावर कळणार नाही', 'कंपनीकडूनच तसे येते' ही तीन उत्तरे ठरलेली. गवंडी दारात उभा असतो, त्याची हजेरी चालू असते आणि घरमालक शेवटी 'लावून टाका' म्हणतो. त्या एका वाक्यामुळे माल नाकारण्याचा हक्क जवळजवळ संपतो. म्हणून टाइल लावण्याआधी लिहिलेले एक पानी पत्र फार कामाचे ठरते. त्यात काय लिहावे, काय लिहू नये आणि पुढे काय होते?

एकाच डिझाइनच्या टाइलमध्ये फरक का पडतो?

राज्यात विकल्या जाणाऱ्या टाइल्सचा मोठा भाग गुजरातमधल्या मोरबीहून येतो. अहिल्यानगर, संगमनेर, श्रीरामपूर किंवा राहात्याच्या दुकानांतही हेच चित्र दिसते. टाइल म्हणजे शेवटी भाजलेली माती. मातीचा घाण बदलला, चकाकीचे मिश्रण किंचित बदलले किंवा भट्टीतले तापमान थोडे हलले, तरी रंगाची छटा बदलते. एकच डिझाइन जानेवारीत छापले आणि पुन्हा मे महिन्यात छापले, तर दोन्ही तंतोतंत सारखे निघतीलच असे नाही. आकाराचेही तसेच आहे. भाजताना टाइल आकसते, पण प्रत्येक वेळी सारखीच आकसत नाही.

कारखान्यांना हे माहीत असते. त्यामुळे भट्टीतून निघालेला माल छटेनुसार आणि आकारानुसार निवडून वेगवेगळ्या बॉक्समध्ये भरतात आणि बॉक्सवर शेड क्रमांक, साइजचा कोड आणि बॅच छापतात. कंपनीनुसार ही खूण बदलते. कुठे आकडे असतात, कुठे अक्षरे. एका शेडचा आणि एका साइजचा माल एकत्र लावला तर भिंत एकसारखी दिसते. घोटाळा होतो तो दोन वेगळे लॉट एका ऑर्डरमध्ये मिसळल्यावर. दुकानदाराकडे २८ बॉक्स शिल्लक असतात, ऑर्डर ४२ ची असते आणि उरलेले १४ नव्या गाडीतून भरले जातात. बहुतेक वेळा यात फसवणुकीचा हेतू नसतो, घाई असते. भिंतीवरचा परिणाम मात्र तोच होतो.

दोन मिलिमीटरने असा काय फरक पडतो?

एका टाइलमागे काहीच नाही. पण बाथरूमची आठ फुटांची भिंत घ्या. बारा इंच रुंदीच्या आठ टाइल्स एका ओळीत बसतात. प्रत्येक टाइल दोन मिलिमीटरने लहान असेल, तर ओळीच्या शेवटी १६ मिलिमीटरची तूट येते, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा जास्त. खालच्या ओळी मोठ्या टाइलच्या आणि वरच्या लहान टाइलच्या असतील, तर उभे सांधे जुळत नाहीत. गवंडी मग वरच्या ओळीत सांधा फुगवतो. खाली दोन मिलिमीटरचा स्पेसर असेल, तर वर चार मिलिमीटरची फट पडते आणि ग्राउट भरल्यावर ती पांढऱ्या रेषेसारखी उठून दिसते. यात मिस्त्रीची चूक नसते, पण घरमालक त्यालाच बोल लावतो.

'कंपनीचा टॉलरन्स आहे' या उत्तराचे काय?

हे उत्तर अर्धे खरे आहे. सिरॅमिक टाइल्ससाठी आयएस १५६२२ हे भारतीय मानक आहे, तर चाचणीच्या पद्धती आयएस १३६३० मध्ये दिल्या आहेत. मापातला थोडा फरक मानकाला मान्य आहे. पण तो फरक मोजायचा कारखान्याने त्या टाइलसाठी जाहीर केलेल्या प्रत्यक्ष मापाशी. '१२ बाय १८' हे बोलीभाषेतले नाव आहे, प्रत्यक्ष माप नव्हे. दोन वेगळ्या साइजचे लॉट आपापल्या जागी मानकात बसू शकतात. म्हणून दोन्ही मिळून एका भिंतीवर चालतील असे होत नाही.

तक्रारीचे पत्र बहुतेक वेळा इथेच घसरते. 'टाइल्स निकृष्ट आहेत' असे लिहिले की दुकानदार कंपनीचे प्रमाणपत्र पुढे करतो आणि ते खरेही असते. त्याऐवजी 'मंजूर नमुन्याशी माल जुळत नाही आणि एका ऑर्डरमध्ये दोन शेड व दोन साइज मिसळल्या आहेत' असे लिहिले, तर त्यावर दर्जाचे प्रमाणपत्र हे उत्तर होत नाही. नमुना हातात आहे, बॉक्सवर छाप आहे, वाद तिथेच राहतो.

एक सावधगिरी मात्र हवी. काही डिझाइनमध्ये, विशेषतः दगडाचा किंवा लाकडाचा भास देणाऱ्या टाइल्समध्ये, छटेतला फरक मुद्दाम ठेवलेला असतो. काही कंपन्या बॉक्सवर किंवा कॅटलॉगमध्ये व्ही१ ते व्ही४ अशी खूण देतात. व्ही१ म्हणजे जवळजवळ एकसारखी आणि व्ही४ म्हणजे टाइलगणिक ठळक फरक. व्ही३ किंवा व्ही४ ची टाइल घेऊन 'रंग वेगवेगळे आहेत' म्हणणे टिकणार नाही.

कायदा काय सांगतो?

नमुना दाखवून केलेल्या विक्रीबद्दल १९३० च्या वस्तू विक्री कायद्यात स्वतंत्र कलम आहे. कलम १७ नुसार विक्री नमुन्यावरून झाली असेल, तर आलेला सगळा माल दर्जाने नमुन्याशी जुळला पाहिजे आणि माल नमुन्याशी ताडून पाहण्याची वाजवी संधी ग्राहकाला मिळाली पाहिजे. नमुन्याबरोबर वर्णनही ठरले असेल, म्हणजे बिलावर माप, डिझाइन आणि शेड लिहिली असेल, तर कलम १५ नुसार माल दोन्हींशी जुळावा लागतो.

'टेम्पो उतरवून घेतला, चलनावर सही केली, आता काय बोलणार?' ही भीती बरीचशी अनाठायी आहे. आधी न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असे कलम ४१ मानत नाही. मात्र कलम ४२ ध्यानात ठेवायला हवे. माल स्वीकारल्याचे कळवले, विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही मालाचे केले किंवा वाजवी काळ काही न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे धरले जाते. टाइल कापून भिंतीला चिकटवणे हे यातलेच. त्यानंतर माल नाकारता येत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते.

कलम ४३ ची माहिती फार थोड्यांना असते. ठरल्याप्रमाणे नसलेला माल नाकारला, तर तो दुकानापर्यंत पोचवण्याची जबाबदारी ग्राहकावर नसते. नाकारल्याचे कळवले की पुरते. वेगळे काही ठरलेले नसेल, तर परतीच्या टेम्पोचे भाडे ग्राहकाने भरायचे कारण नाही.

बिलाखाली छापलेल्या 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या ओळीचाही बाऊ करू नये. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणे, बिलात मुदत दिली असल्यास त्या मुदतीत आणि नसल्यास ३० दिवसांत, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

पत्र लिहिण्याआधी काय तपासायचे?

एक उदाहरण घेऊ. संगमनेर तालुक्यातल्या एका घरात सारख्या मापाची दोन बाथरूम आहेत, प्रत्येकी आठ बाय पाच फूट, सात फुटांपर्यंत डॅडो. चार भिंतींची लांबी २६ फूट, म्हणून क्षेत्र १८२ चौरस फूट. दाराचे साडेसतरा वजा केले की साधारण १६५ उरतात, दोन्ही मिळून ३३०. सहा टाइल्सचा एक बॉक्स नऊ चौरस फूट भरतो. कापणी, फूट आणि पुढच्या दुरुस्तीसाठी थोडा जादा माल धरून ४२ बॉक्स सांगितले. दर करासह ४०५ रुपये बॉक्स, एकूण १७,०१० रुपये. दहा हजार आगाऊ दिले.

माल आल्यावर पहिले काम बॉक्स फोडायचे नाही, बॉक्सवरचे छाप वाचायचे. ४२ पैकी २८ बॉक्सवर 'शेड ०४, साइज १' आणि १४ वर 'शेड ०७, साइज २' असे आढळले. निम्मी तक्रार इथेच सिद्ध झाली. छाप दिसतील असे सर्व बॉक्सचे फोटो काढायचे.

मग दोन्ही लॉटमधले दोन-दोन बॉक्स उघडून टाइल्स अंगणात सावलीत, दिवसाच्या उजेडात, नमुन्याच्या शेजारी मांडायच्या. बल्ब किंवा ट्यूबच्या प्रकाशात पाहू नये, कारण दोन छटा एका प्रकाशात सारख्या आणि दुसऱ्यात वेगळ्या दिसू शकतात. पाहायचे उभ्याने, साधारण एक मीटरवरून. डोळा टाइलला लावला तर कुठल्याही दोन टाइल्स वेगळ्याच दिसतील. आणखी एक खबरदारी घ्यावी. गवंडी भिंतीच्या टाइल्स लावण्याआधी पाण्यात भिजवतात. भिजलेल्या टाइलची छटा कधी कधी गडद भासते, त्यामुळे तुलना कोरड्या टाइल्सचीच करावी.

माप स्टीलच्या टेपने किंवा पट्टीने घ्यावे. एका टाइलवर भरवसा ठेवू नये, प्रत्येक लॉटमधल्या सहा टाइल्स मोजाव्यात. आपल्या उदाहरणात नमुना आणि शेड ०४ ची टाइल ३०० बाय ४५० मिलिमीटर भरली, तर शेड ०७ ची २९८ बाय ४४८. टेपवर शंका असेल, तर दोन्ही लॉटच्या टाइल्स पाठीला पाठ लावून सपाट जागेवर उभ्या कराव्यात. कडेवरून बोट फिरवले की पायरी हाताला लागते. हाही फोटो घ्यावा.

पत्रात नेमके काय असावे?

पत्र एका पानात बसावे. राग आणि धमकी दूर ठेवावी, कारण हेच पत्र उद्या आयोगासमोर वाचले जाणार असते. वरच्या उदाहरणावरून ते असे होईल :

दिनांक : २० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. मालक / व्यवस्थापक,
(दुकानाचे नाव व पत्ता), संगमनेर, जि. अहिल्यानगर.

विषय : मंजूर नमुन्याशी न जुळणाऱ्या बाथरूम टाइल्स बदलून मिळणेबाबत.
संदर्भ : ऑर्डर दि. ३ नोव्हेंबर २०२५, चलन क्र. … दि. १९ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

दि. ३ नोव्हेंबर रोजी आपल्या दुकानात दाखवलेला नमुना पाहून आम्ही १२ बाय १८ इंची भिंतीच्या टाइल्सचे (डिझाइन क्र. …) ४२ बॉक्स, एकूण किंमत रु. १७,०१०, मागवले व रु. १०,००० आगाऊ दिले. नमुन्याच्या मागे आपली व आमची सही असून तो आमच्याकडे आहे.

दि. १९ नोव्हेंबर रोजी माल मिळाला. तपासणीत आढळले की २८ बॉक्सवर 'शेड ०४, साइज १' व १४ बॉक्सवर 'शेड ०७, साइज २' असा छाप आहे. शेड ०७ ची टाइल दिवसाच्या उजेडात नमुन्यापेक्षा गुलाबी दिसते. तिचे माप २९८ बाय ४४८ मि.मी. असून नमुन्याचे माप ३०० बाय ४५० मि.मी. आहे. दोन्ही प्रकारच्या टाइल्स एका भिंतीवर लावणे शक्य नाही.

सबब सदर १४ बॉक्स आम्ही नाकारत आहोत. पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत ते आपल्या खर्चाने नेऊन त्याजागी शेड ०४, साइज १ चे १४ बॉक्स द्यावेत. तेवढा माल उपलब्ध नसल्यास सर्व ४२ बॉक्स परत घेऊन एकाच शेड व साइजचा, नमुन्याशी जुळणारा माल द्यावा किंवा घेतलेली रक्कम परत करावी. उर्वरित रु. ७,०१० योग्य माल मिळताच दिले जातील.

एकही टाइल लावलेली नाही. तपासणीसाठी चार बॉक्स उघडले असून सर्व माल कोरड्या जागी सुरक्षित आहे. आपण किंवा कंपनीच्या प्रतिनिधीने येऊन पाहणी करावी.

आपला,
अ. ब. क., मोबाइल क्र. …
सोबत : चलन व पावतीची प्रत, फोटो.

या पत्रात 'सर्व ४२ परत घ्या' हा पर्याय मुद्दाम दुसऱ्या क्रमांकावर आहे. जुना लॉट संपला असेल, तर १४ बॉक्स पुन्हा तसेच मिळणार नाहीत आणि उरलेले २८ घेऊन ग्राहकाला काही उपयोग नाही. तपासणीला यायचे निमंत्रणही महत्त्वाचे. दुकानदार आला नाही, तर नंतर 'आम्हाला पाहूच दिले नाही' म्हणता येत नाही.

पत्र दोन प्रतींत न्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्यावी. पोच नाकारली तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावे. रजिस्टर पोस्टची जुनी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. फोटो आणि पत्र त्याच दिवशी व्हॉट्सॲपवरही टाकावे, मात्र फक्त व्हॉट्सॲपवर विसंबू नये.

नमुनाच जवळ नसेल तर?

इथे बहुतेकांची बाजू लंगडी पडते. दुकानातला डिस्प्लेचा तुकडा भिंतीवर वर्षानुवर्षे चिकटवलेला असतो आणि त्याचा लॉट कधीच संपलेला असतो. त्यावरून पसंती केली तर फरक पडणारच, आणि यात दुकानदारालाही दोष देता येत नाही, जर त्याने तसे आधी सांगितले असेल. बिलावर 'शेडमध्ये फरक संभवतो' असे लिहिलेले असेल, तर तो त्याचा आधार घेईल. त्यामुळे ऑर्डर देतानाच चालू लॉटची एक टाइल मागून घ्यावी, पाठीवर दोघांच्या सह्या व तारीख टाकावी आणि बिलावर 'सर्व बॉक्स एकाच शेड व साइजचे' एवढे लिहून घ्यावे. एका टाइलची किंमत वाया गेली तरी चालेल.

नमुना नसला तरी मिसळलेल्या मालाची तक्रार उभी राहते. बॉक्सवरचे दोन वेगळे छाप हाच पुरावा असतो. म्हणून रिकामे बॉक्स रद्दीत देऊ नयेत.

काही टाइल्स लावून झाल्या असतील तर?

काम तिथेच थांबवावे. लावलेला भाग नाकारता येणार नाही, पण भरपाईची मागणी करता येते. टाइल काढण्याची मजुरी, वाया गेलेले सिमेंट किंवा चिकटवण्याचे मिश्रण आणि गवंड्याची बुडालेली हजेरी यांच्या पावत्या ठेवाव्यात. सतरा हजारांच्या मालासाठी पाच लाखांचा मानसिक त्रास मागणारी पत्रे दुकानदार हसून बाजूला ठेवतात.

दुकानदाराने दाद दिली नाही तर?

पैसे दुकानदाराने घेतले, बिल त्याचे आहे, त्यामुळे पहिली जबाबदारी त्याचीच. 'कंपनीशी बोला' हे उत्तर पुरेसे नाही, कंपनीशी हिशेब त्याने करायचा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटते.

नाही मिटले, तर अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे. दुकान पुण्यातले असो की नाशिकचे, अकोले किंवा जामखेडच्या ग्राहकाला तिकडे जावे लागत नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल होते. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्याचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो. त्यासाठी दोन्ही लॉटच्या काही टाइल्स निकाल लागेपर्यंत जपून ठेवाव्या लागतात.

शिर्डीच्या लॉजमालकालाही हीच वाट खुली आहे का?

बहुधा नाही. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार ग्राहक संरक्षण कायद्यात 'ग्राहक' ठरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी केलेल्या खरेदीचा अपवाद आहे, पण चाळीस खोल्यांचे लॉज त्यात बसवणे कठीण. अशा मालकाला वस्तू विक्री कायद्याखाली दिवाणी न्यायालयात जावे लागेल. नमुना, छाप, मापे आणि वेळेत दिलेले पत्र त्यालाही तेवढेच लागते. उलट त्याच्या ऑर्डरमध्ये बॉक्स शेकड्यांनी असतात आणि माल दोन-तीन गाड्यांतून येतो. तिथे प्रत्येक गाडी उतरवताना छाप वाचून वहीत टिपले नाहीत, तर कुठल्या खोलीत कुठला लॉट लागला हे नंतर शोधता येत नाही.